दारू सुटून किती दिवस झाले, एवढ्यावर यकृताचा निर्णय नको

उंदीर मारायची पेस्ट खाऊन एखादा तरुण रुग्णालयात आला आणि तिच्यातल्या पिवळ्या फॉस्फरसने चार-पाच दिवसांत त्याचं यकृत निकामी केलं, तर डॉक्टर प्रत्यारोपणाची तयारी लगेच सुरू करतात. विष त्याने स्वतःच्या हाताने घेतलेलं असतं आणि पुन्हा घेण्याचा धोकाही असतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ त्याला आणि घरच्यांना भेटतात. पण 'सहा महिने थांब, नीट वागून दाखव, मग बघू' असं त्याला कोणी म्हणत नाही. त्याच्यापाशी सहा महिने नसतातच.

शेजारच्या खाटेवर दारूमुळे यकृत गेलेला चाळिशीचा माणूस असतो. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन वीसच्या वर. त्याच्याकडेही सहा महिने नसतात. त्याच्या बायकोला मात्र पहिला प्रश्न येतो, 'शेवटची कधी घेतली?' आणि उत्तर 'तीन आठवड्यांपूर्वी' असं आलं, की अनेक ठिकाणी पुढचं बोलणंच थांबतं.

प्रत्यारोपणाआधी दारूविना काही काळ मागणं चुकीचं आहे, असं मी म्हणत नाही. त्यामागे एक अगदी भक्कम वैद्यकीय कारण आहे. पण त्या कारणाशी दुसरं एक कारण बांधलं गेलं आणि दोन्हींना मिळून 'सहा महिने' हा एकच आकडा चिकटला. त्यातून ज्यांचा जीव वाचला असता असे काही जण दारातून परत गेले आणि ज्यांच्या व्यसनावर आधी उपचार व्हायला हवे होते असे काही जण तारीख भरली म्हणून पुढे सरकले. माझी तक्रार त्या आकड्याला दरवाजा करण्याबद्दल आहे.

आधी भक्कम कारण बघू. दारूने खराब झालेलं यकृत दारू थांबल्यावर सुधारू शकतं. कधी कधी ते इतकं सुधारतं की प्रत्यारोपणाची गरजच राहत नाही. सिरॉसिसमध्ये पडलेले व्रण सहजी जात नाहीत, पण त्या व्रणांवर रोज चाललेली सूज आणि पेशींचा नाश थांबतो, यकृतातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब उतरतो, पोटातलं पाणी कमी होतं, यकृतात बनणारं अल्ब्युमिन हे प्रथिन वाढायला लागतं. डॉक्टर हे मेल्ड नावाच्या गुणांकावर मोजतात. तो बिलिरुबिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर या आकड्यांवरून काढतात. नव्या सूत्रांत सोडियमही धरतात. समजा, पोटात पाणी भरून आलेल्या माणसाचा मेल्ड २४ आहे. त्याने दारू पूर्ण बंद केली, नीट प्रथिनं खाल्ली, पाणी उतरवणाऱ्या गोळ्या घेतल्या आणि तीन महिन्यांनी तोच आकडा १३ वर आला. आता त्याला प्रत्यारोपण करणं हा अन्याय ठरेल, कारण मेल्ड १५ च्या खाली असताना शस्त्रक्रियेचा धोका साधारणपणे तिच्या फायद्याहून मोठा असतो. त्याला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि तेही स्वतःचं यकृत चालू शकत असताना.

म्हणून स्थिर असलेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला थांबायला सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. पण हे थांबणं किती दिवसांचं, याचं उत्तर यकृतच देतं. सुधारणा व्हायची असेल तर तिचा अंदाज साधारण तीन महिन्यांत येतो. तीन महिन्यांनी आकडे जागच्या जागी असतील किंवा वर चढत असतील, तर पुढचे तीन महिने या कारणासाठी थांबवण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण वागणुकीचं. माणूस सहा महिने दारूशिवाय राहिला तर तो पुढेही राहील, अशी अटकळ. ऐकायला पटतं, पण दारूने यकृत गेलेला माणूस त्या सहा महिन्यांत काय करत असतो ते बघा. तो दर दहा-पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला येतो. जेवणावर वासना नसते. अमोनिया वाढून रात्री बडबडतो, दिवसा झोपतो. बाथरूमला जायलाही त्याला कोणीतरी धरावं लागतं. अशा माणसाने दारू न पिणं हा निश्चयाचा पुरावा कसा धरायचा? त्याची खरी परीक्षा नवं यकृत मिळाल्यावर सुरू होते: अंगात ताकद आलेली असते, कामावर परतलेला असतो, हातात पगार असतो आणि जुने मित्र फोन करायला लागलेले असतात. व्यसनाचा अभ्यास करणारे लोक पक्क्या सुटकेसाठी महिन्यांची नव्हे, वर्षांची भाषा बोलतात. त्या मापात सहा महिने फारच तोकडे आहेत आणि मरायला टेकलेल्या माणसासाठी फारच लांब आहेत.

मग हा आकडा आला कुठून? साठ-सत्तरच्या दशकांत दारूच्या रुग्णांना प्रत्यारोपण क्वचितच मिळे. १९८८ मध्ये पिट्सबर्गचे प्रत्यारोपण शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांच्या गटाने दाखवून दिलं की अशा रुग्णांचं प्रत्यारोपणानंतरचं आयुष्यमान इतर रुग्णांसारखंच असतं. दार उघडलं, यादी वाढली, पण यकृतं तेवढीच राहिली. मग कोणाला द्यायचं, याचा निकष हवा होता. नव्वदीच्या सुरुवातीच्या काही छोट्या अभ्यासांत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ दारू सोडलेले लोक पुन्हा पिण्याकडे जास्त वळताना दिसले होते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या बैठकीने यादीत नाव घालण्याच्या किमान निकषांत सहा महिने धरले, विमा कंपन्यांना मोजायला सोपा आकडा मिळाला आणि तो जगभर पसरला. लोकांच्या मनात तो आणखी घट्ट बसवला तो जॉर्ज बेस्ट यांच्या गोष्टीने. या फुटबॉलपटूला २००२ मध्ये लंडनमध्ये यकृत मिळालं, तो पुन्हा पिऊ लागला हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आणि २००५ मध्ये तो गेला. 'दान केलेलं यकृत दारूत घालवलं' हा राग तेव्हापासून प्रत्येक चर्चेत येतो.

त्या रागाला मी कमी लेखत नाही. मेंदूमृत माणसाच्या नातेवाइकांनी रडत सही केलेली असते. एक यकृत एकाला मिळालं की यादीतला दुसरा कोणी थांबतो, आणि थांबता थांबता जातोही. म्हणून पुन्हा पिण्याचा धोका तोलायलाच हवा. प्रश्न इतकाच आहे की कॅलेंडर तो तोलतं का.

याचं उत्तर शोधण्याचं धाडस फ्रान्स आणि बेल्जियममधल्या सात रुग्णालयांनी केलं. २०११ मध्ये फिलिप मातुरँ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला हा अभ्यास दारूमुळे होणाऱ्या तीव्र हेपटायटिसबद्दलचा आहे. यात सततच्या पिण्याने यकृताला अचानक भडका सूज येते आणि काही आठवड्यांत कावीळ जिवावर बेतते. उपचार म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, रोज ४० मिलिग्रॅम. सात दिवसांनी लिल गुणांक काढतात. त्यात बिलिरुबिन किती उतरलं याला मोठं वजन असतं. गुणांक ०.४५ च्या वर गेला की औषध लागू पडलं नाही असं धरतात, आणि मग सहा महिन्यांनी जिवंत असण्याची शक्यता साधारण चारात एक उरते. बहुतेक मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. म्हणजे सहा महिन्यांची अट या आजारात शब्दशः पूर्ण करता येत नाही. ती पाळायची तर आधी मरावं लागतं.

त्या सात रुग्णालयांनी अशा २६ रुग्णांना वाट न पाहता यकृत दिलं. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांमधले २३ टक्के. २६ पैकी तिघे पुढे पुन्हा प्यायले आणि तेही जवळजवळ दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावर. पण या अभ्यासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट निवडीची होती. तीव्र हेपटायटिस घेऊन आलेल्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी रुग्ण निवडले गेले. यकृत बिघडण्याची ही पहिलीच वेळ असली पाहिजे. ज्याला आधी इशारा मिळून गेला आणि तरी जो पीत राहिला तो बाहेर. घरचे ठामपणे पाठीशी असले पाहिजेत. मोठा मानसिक आजार नको. आणि परिचारिका, व्यसनतज्ज्ञ, वरिष्ठ डॉक्टर, शल्यचिकित्सक अशा सगळ्यांचं एकमत हवं. त्यांनी कॅलेंडर बाजूला ठेवलं ते माणूस फार बारकाईने तपासण्यासाठी.

आता माझ्या बाजूला न जाणारा पुरावाही मांडायला हवा. त्याच फ्रेंच-बेल्जियन परंपरेतला मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. लगेच प्रत्यारोपण झालेल्या गटात दोन वर्षांत ३४ टक्के लोक कधी ना कधी प्यायले, सहा महिने थांबलेल्या गटात २५ टक्के. हा फरक आकडेशास्त्राच्या दृष्टीने निर्विवाद नव्हता, पण लवकर प्रत्यारोपण त्या बाबतीत तितकंच सुरक्षित आहे असंही सिद्ध झालं नाही. जड पिण्यातला फरक मात्र स्पष्ट होता: २२ टक्के विरुद्ध ५ टक्के. म्हणजे थांबण्याच्या काळाला काहीच किंमत नाही, असं म्हणता येणार नाही. पण दोन्ही गटांचं दोन वर्षांचं आयुष्यमान जवळजवळ सारखं निघालं, नव्वद टक्क्यांच्या आसपास. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांच्यातले दोन वर्षांनी ३० टक्केही उरले नव्हते. लवकर प्रत्यारोपण झालेल्यांना नंतर जास्त सांभाळावं लागेल, हा या आकड्यांचा मला दिसणारा अर्थ आहे. त्यांना मरू द्यावं, हा अर्थ मला त्यात सापडत नाही.

मग धोका कसा तोलतात? इथे थोडं जवळ जाऊन बघायला हवं, कारण बाहेरून हा प्रकार 'डॉक्टरांना वाटलं तर' असा दिसतो आणि तसा तो असता कामा नये.

मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी वेगवेगळं बोलतात. नवरा म्हणतो, गणपतीच्या आधीच सोडली. बायको खाली बघत म्हणते, दसऱ्याला घेतली होती. हा महिनाभराचा फरक महत्त्वाचा असतोच. त्याहून महत्त्वाचं असतं ते तो उघड झाल्यावर नवरा काय करतो. 'हो, घेतली होती, लाज वाटली म्हणून बोललो नाही' असं म्हणणारा आणि 'ही काहीही बोलते' म्हणणारा, हे दोन वेगळे रुग्ण आहेत. 'मला कावीळ बाहेरच्या पाण्याने झाली, दारूचा काही संबंध नाही' असं सांगणाऱ्याच्या बाबतीत डॉक्टर सावध होतात, कारण ज्याला आजार मान्य नाही तो त्याचा उपचार घेत नाही. याशिवाय घरात आणखी कोणी पितं का, काम कसलं आहे, जुन्या मित्रमंडळात परत जावं लागणार का, नैराश्य आहे का, तंबाखू-गांजा आहे का, गोळ्या वेळेवर घेण्याची सवय आहे का, हे सगळं विचारलं जातं.

या उत्तरांना आकड्यांचा आधार देण्यासाठी गुणांक बनवले आहेत. अमेरिकेतल्या बारा केंद्रांतल्या तीव्र हेपटायटिसच्या, लवकर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरून काढलेला सॉल्ट गुणांक समजायला सोपा आहे. दाखल होताना रोज दहाहून अधिक 'ड्रिंक' घेत असेल तर ४ गुण. व्यसनमुक्तीचे एकाहून अधिक प्रयत्न फसले असतील तर ४. दारूपायी पोलीस-कोर्टाची भानगड झाली असेल तर २. इतर अमली पदार्थ घेतले असतील तर १. एकूण ११ पैकी ५ च्या खाली असणाऱ्यांत पुढे सतत पिणारे फारच थोडे निघतात, साधारण वीसात एक. पण ५ किंवा वर असणाऱ्यांतलेही चारात तीन सतत पीत नाहीत. म्हणजे हा गुणांक 'याला द्यायला हरकत नाही' हे बऱ्यापैकी सांगतो, 'याला देऊ नका' हे सांगत नाही. हा फरक प्रत्यारोपणाचा निर्णय घेणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवा.

अमेरिकी ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे ते भाषांतर करून घ्यावं लागतं. १८० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर साधारण ६१ ग्रॅम भरतात, म्हणजे चार ड्रिंकहून थोडं जास्त. दहा ड्रिंक म्हणजे दोन क्वार्टर आणि वर जवळजवळ एक मोठा पेग. 'रोज एक क्वार्टर' सांगणारा या मापात बसत नाही, 'रोज तीन' सांगणारा बसतो. अर्थात सांगितलेली क्वार्टर आणि प्यालेली क्वार्टर यांत अंतर असतं, म्हणून पुन्हा घरच्यांशी बोलणं आलं.

दोन रुग्ण कल्पून बघू. पहिला ३८ वर्षांचा, फर्निचरचं काम करणारा. नऊ वर्षं रोज एक क्वार्टर, सुट्टीला दीड. यकृताबद्दल त्याला याआधी कोणी काही सांगितलेलं नाही, व्यसनमुक्ती केंद्र कधी पाहिलेलं नाही, पोलिसात नाव नाही. पहिलीच कावीळ, बिलिरुबिन २२, सात दिवस स्टेरॉइड देऊन लिल गुणांक ०.६. शेवटचा पेग १९ दिवसांपूर्वी. भाऊ रोज येऊन बसतो. 'दारूनेच झालं' हे तो स्वतः म्हणतो. सॉल्ट शून्य. दुसरा ५२ वर्षांचा, सिरॉसिसचा जुना रुग्ण, मेल्ड १७. रोज तीन क्वार्टर, तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, पिऊन गाडी चालवल्याचा एक खटला. शेवटचा पेग साडेसहा महिन्यांपूर्वी, पण त्यातला निम्मा काळ तो रुग्णालयातच होता आणि त्याच्या मते त्याला व्यसन कधी नव्हतंच. सॉल्टच्या मापाने दहा, जरी हा गुणांक मुळात त्याच्यासारख्या रुग्णांसाठी बनलेला नाही.

कॅलेंडर लावलं तर दुसरा आत आणि पहिला बाहेर. पहिला बहुधा दोन महिने काढणार नाही. दुसऱ्याला मात्र वेळ आहे, आणि तो वेळ त्याच्या व्यसनावर उपचार करायला वापरता आला असता: नियमित समुपदेशन, रक्ताची तपासणी, गटसभा. त्यालाही कायमचं नाकारू नये. त्याच्या फायलीत 'सहा महिने पूर्ण' असा शेरा मारून त्याला पुढे ढकललं, तर त्याचं नुकसान होतं आणि ज्याचं यकृत त्याला मिळेल त्याचंही.

बोलण्यावर विसंबायचं नाही म्हणून तपासण्या असतात. सर्वात उपयोगी पीईथ. रक्तात अल्कोहोल असेल तेव्हाच हा पदार्थ लाल पेशींच्या आवरणात तयार होतो आणि दोन ते चार आठवडे सापडतो. प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर दारू नाही किंवा नगण्य, २०० च्या वर असेल तर जड पिणं. यकृत किती खराब आहे यावर तो फारसा अवलंबून नसतो, हे त्याचं मोठं बळ. पण डोळे मिटून त्यावरही विसंबू नये: नुकतंच रक्त चढवलं असेल आणि रक्तदाता पिणारा असेल, तर न पिणाऱ्याच्या रक्तातही पीईथ सापडू शकतो. लघवीतली इथाइल ग्लुकुरोनाइडची तपासणी दोन-तीन दिवसांपूर्वीचं पिणंही पकडते, पण ती इतकी संवेदनशील आहे की सॅनिटायझरचा खूप वापर किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही तिला चाळवतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे: आसवं आणि अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून आलेलं अल्कोहोल असतंच. 'आयुर्वेदिक टॉनिक' म्हणून सासूबाई चमचाभर देतात आणि तपासणी सकारात्मक येते. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नंतर खोटारडा ठरवून काय उपयोग?

याच ओघात एक कळकळीचं सांगणं. रुग्णाच्या नकळत जेवणात किंवा चहात मिसळायला म्हणून जी 'दारू सोडवणारी' पावडर किंवा गोळी दिली जाते, त्यात पुष्कळदा डायसल्फिरॅम असतं. बिघडलेल्या यकृताला ते स्वतःच इजा करू शकतं आणि वर दारू प्यायल्यास जिवावर बेततं. यकृत खराब असलेल्यासाठी बॅक्लोफेनसारखी औषधं आहेत. बॅक्लोफेनची सिरॉसिसच्या रुग्णांत चाचणीही झाली आहे. पण ग्लानी असलेल्याला तेही जपून द्यावं लागतं. हे काम मानसोपचारतज्ज्ञाचं आहे, मेडिकल स्टोअरचं नाही.

आता महाराष्ट्रातला, खरं तर भारतातला वेगळा प्रश्न. पाश्चात्त्य देशांतला सगळा वाद मेंदूमृत दात्याच्या यकृताभोवती फिरतो: समाजाची ठेव, ती कोणाला द्यायची. आपल्याकडे अशीही यकृतं मिळतात आणि त्यांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांतून होतं. पण देशातली बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात. १९९४ च्या कायद्याने आणि त्याच्या २०११ च्या दुरुस्तीने जवळचे नातेवाईक कोण हे ठरवून दिलं आहे. प्रत्यक्षात दाता पुष्कळदा पत्नी असते, नाहीतर मुलगा-मुलगी.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. घरचंच यकृत आहे, यादीतल्या कोणाचं काही हिरावून घेत नाही, मग थांबायचं कशाला? मला तो पटत नाही. उजवा भाग दिला तर दात्याच्या यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग काढतात. हजार दात्यांत दोन ते पाच जण या शस्त्रक्रियेत जीव गमावतात, आणि पित्ताची गळती किंवा जंतुसंसर्ग होणारे त्याहून कितीतरी अधिक. धडधाकट बाईला आपण टेबलावर घेतो आहोत. तिच्या त्यागाला किंमत यायची तर नवऱ्याचा धोका अधिक काटेकोरपणे तोलायला हवा, सैलपणे नव्हे.

शिवाय धोका तोलताना ज्या आधारावर सगळ्यात जास्त भिस्त असते, तो आधार इथे ढासळतो. समिती विचारते, घरी लक्ष कोण ठेवेल, गोळ्या कोण देईल, पुन्हा पिऊ लागला तर कोण कळवेल? उत्तर एकच: पत्नी. आणि तीच दाता. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन-तीन महिने तिला स्वतःलाच जड उचलायला मनाई असते. ज्या घरात तिने पंधरा वर्षं मार खाल्ला, त्या घरात तीच जामीन आणि तीच ठेव. तिची मुलाखतही सरळ होत नाही. नवरा प्यायला होता हे खरं सांगितलं तर शस्त्रक्रिया नाकारली जाईल आणि सासर तिच्यावर ठपका ठेवेल, हे तिला माहीत असतं. म्हणून दात्याचं बोलणं रुग्णाच्या तुकडीबाहेरच्या व्यक्तीने, एकांतात घ्यायला हवं. तिने 'मला द्यायचं नाही' म्हटलं तर घरच्यांना 'दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच कळावं, कारण सांगू नये. चांगल्या केंद्रांत हे करतात. आणि सांभाळणारी व्यक्ती दात्याहून वेगळी, नावानिशी ठरलेली असावी. भाऊ, बहीण, मोठा मुलगा, कोणीही. ही अट सहा महिन्यांच्या अटीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या केंद्रांत सहसा तीन ते सहा महिने मागितले जातात. त्या काळात व्यसनावर उपचार कोण करतं, हा प्रश्न मात्र मोकळाच राहतो. रुग्णाला 'दारू सोडून या' म्हणून घरी पाठवतात. पुण्याच्या मुक्तांगणसारखी केंद्रं १९८६ पासून काम करत आहेत, मराठीतून गटसभा चालतात, पण पोटात पाणी भरलेल्या, मधूनच ग्लानीत जाणाऱ्या रुग्णाला निवासी केंद्रात ठेवणं अवघड असतं आणि यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात व्यसनतज्ज्ञ बसलेला क्वचित दिसतो. दारूविना काळ मागणाऱ्या रुग्णालयाने तो काळ कसा काढायचा याची सोय आपल्याच छताखाली करायला हवी. शस्त्रक्रियेला वीस लाखांच्या पुढे खर्च येतो. त्यात समुपदेशकाची फी शोधावी लागावी इतकी ती लहान असते.

शस्त्रक्रियेनंतर तर ही साखळी बहुतेक ठिकाणी तुटतेच. रुग्ण महिन्याला येतो, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची पातळी बघतात, यकृताचे एन्झाइम बघतात, पाठीवर थाप मारून पाठवतात. पिण्याबद्दल विचारलं तर मान हलवतो. पुन्हा पिण्याचेही प्रकार असतात. लग्नात एकदा घेतलेला पेग आणि महिनोन्महिने रोजचं पिणं यांचा यकृतावरचा परिणाम वेगळा आहे. जुन्या अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की दर वर्षी शंभरातले पाच-सहा कुठल्या ना कुठल्या प्रमाणात पितात, तर जड पिणारे दोन-तीन. सतत जड पिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या नव्या यकृतात काही वर्षांत पुन्हा सिरॉसिस होतो. एका मोठ्या फ्रेंच मालिकेत अशा रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांना तो झाला. त्याआधी बहुतेकदा गोळ्या चुकू लागतात, तारखा टळू लागतात. हे लवकर पकडता येतं, पण त्यासाठी पहिली दोन वर्षं निदान दर तीन महिन्यांनी पीईथ आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची भेट हवी. आणि एक गोष्ट रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच लेखी सांगितलेली हवी: प्यायलास तर कळव, कळवलंस म्हणून तुझे उपचार कोणी बंद करणार नाही. ही हमी नसेल तर तो लपवेल, आणि लपवलेलं पिणं यकृताच्या बायॉप्सीत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

समितीने ज्याला नाकारलं त्याच्या घरच्यांना आज एक वाक्य मिळतं: 'सहा महिने झाले नाहीत.' त्याऐवजी त्यांना एक कागद मिळायला हवा. त्यावर यकृत सुधारण्याची शक्यता किती आणि ती केव्हा पुन्हा बघणार, पिण्याचा धोका कोणत्या कारणांनी जास्त वाटला, त्यातली कोणती कारणं बदलता येण्यासारखी आहेत आणि ती बदलायला कोणाकडे जायचं, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. खाली मानसोपचारतज्ज्ञाची सही असावी आणि दुसऱ्या केंद्राचं मत घेण्याचा हक्क नमूद असावा. तो फर्निचरवाला तरुण दुसऱ्या केंद्रात जाऊ शकतो, पण हा कागद त्याच्या भावाच्या हातात दोन महिन्यांनी नव्हे, दोन दिवसांत पडला तरच.